बँकेने घर लिलावाला काढलं तर काय करायचं: पहिल्या नोटिशीपासून उरलेल्या पैशांपर्यंत

घराचं लोन थकलं की आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे लोकांचा एकच समज असतो की लिलावाच्या आदल्या दिवशीपर्यंत पैसे भरले की घर सुटतं, आणि एकदा लिलाव झाला की सगळं बँकेचं, आपला काही संबंध उरला नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिल्या समजामुळे घर जातं आणि दुसऱ्यामुळे हक्काचे पैसे जातात, म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे, बाकीचं थोडक्यात.

आधी एक बघा, नोटीस कोणत्या कायद्याखाली आलीय. बँकेची असेल तर बहुतेक वेळा वर सरफेसी कायदा 2002, कलम 13(2) असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून कर्ज वसूल करायचा कायदा. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र गाडी वेगळ्या रुळावर जाते, तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला आणि नियम 107 चालतो, आणि खाली दिलेल्या तारखा तिथे लावायच्या नाहीत. शेतजमीन तारण असेल तर तिच्यावर सरफेसी चालत नाही, पण नुसता सातबारा दाखवून भागत नाही, जमीन खरंच शेतीच्या वापरात असावी लागते.

आता एक उदाहरण धरू, म्हणजे समजायला सोपं जाईल. समजा भुसावळला एक रो हाऊस आहे, 15 लाखांचं लोन, हप्ता साधारण साडेतेरा हजार. घरमालकाचं दुकान बसलं आणि जानेवारीपासून हप्ते थांबले. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडीत चाललेलं कर्ज धरते, इथे एप्रिलमध्ये. 20 एप्रिलला 13 लाख 40 हजारांची नोटीस हातात पडली.

पहिले 60 दिवस

ही 13(2) ची नोटीस म्हणजे लिलाव नाही आणि ताबाही नाही. संपूर्ण कर्ज भरायला 60 दिवस दिलेले असतात, आपल्या उदाहरणात 19 जूनपर्यंत. घाबरून नोटीस न घेणं, पोस्टमनला परत पाठवणं, हे अजिबात करू नका, त्याने मुदत थांबत नाही.

याच काळात बँकेला लेखी हरकत द्यायची. व्याज जास्त लावलंय, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, घराचं वर्णन चुकलंय, जे काही असेल ते मुद्देसूद लिहा, खात्याचा पूर्ण उतारा मागा, आणि कागद शाखेत देऊन आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. कलम 13(3ए) प्रमाणे बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. तोंडी बोलणं मॅनेजरसोबत कितीही चांगलं झालं तरी ते पुढे कुठेच दाखवता येत नाही.

सगळं कर्ज भरणं शक्य नसेल आणि फक्त थकलेले हप्ते भरता येत असतील तर याच दिवसांत भरा. पूर्ण थकबाकी, व्याजासकट, भरली तर खातं परत स्टँडर्ड होऊ शकतं आणि पुष्कळदा बँक तिथेच थांबते. अर्धी थकबाकी भरून एनपीए निघत नाही, हे लक्षात ठेवा, कारण लोक नातेवाईकांकडून उसने आणून दोन हप्ते भरतात आणि वाटतं की वाचलो.

नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, 13(13) मध्ये तशी मनाई आहे. परवानगी घेऊन मात्र विकता येतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की घर ठेवणं जमणारच नसेल तर सगळ्यात चांगला मार्ग हाच, स्वतः गिऱ्हाईक शोधायचं, बँकेकडून बंद करायची रक्कम लेखी घ्यायची, आणि गिऱ्हाईकाचा पैसा थेट लोन खात्यात जाईल असं बँकेसोबत बसून ठरवायचं. लिलावात घर 'जसं आहे जिथे आहे' असं विकलं जातं, त्यामुळे बोली लावणारा भाव पाडूनच लावतो.

दारावर कागद चिकटला की

60 दिवस गेले की बँक ताबा नोटीस काढते. ती बाहेरच्या दारावर चिकटवतात आणि 7 दिवसांत दोन पेपरांत छापतात, त्यातला एक मराठी असावा लागतो. हा बहुतेक वेळा कागदोपत्री ताबा असतो, तुम्ही घरातच राहता. सामान बाहेर काढून प्रत्यक्ष ताबा घ्यायचा आणि तुम्ही देत नसाल तर बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि मग आदेश घेऊन महसूलची माणसं पोलिसांसोबत येतात. वसुलीवाली पोरं येऊन 'आज कुलूप लावतो' म्हणाली तर त्यांच्याकडे तो आदेश मागा.

आपल्या उदाहरणात नोटीस 3 जुलैला चिकटली. इथून 45 दिवसांत, म्हणजे 17 ऑगस्टपर्यंत, डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, कलम 17 चा अर्ज करता येतो. साध्या दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, कलम 34 ने तो रस्ता बंद केलाय, आणि तिथे महिना घालवला की इकडचे 45 दिवस संपून जातात. डीआरटी आपल्या कुठल्याच जिल्ह्यात नाही, बाहेरगावी जावं लागतं, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. फी कर्जाच्या रकमेवर असते, 10 लाखांपर्यंत दर लाखाला 500 आणि पुढे 5000 अधिक वरच्या दर लाखाला किंवा त्याच्या भागाला 250, म्हणजे 13 लाख 40 हजारांना 6000 रुपये. अर्जासाठी कर्जाचा काही भाग आधी भरायची अट नाही, ती अट 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. पण अर्ज केला म्हणून लिलाव आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना काही रक्कम भरायला सांगितली जाते, तेवढी तयारी ठेवून जा. 'पैसे नाहीत, दया करा' यावर काही मिळत नाही, नोटीस चुकली, हरकतीला उत्तर दिलं नाही, रक्कम चुकीची, असं कागदावरचं काहीतरी लागतं.

राखीव किंमत: इथे लक्ष घाला

लिलावाआधी बँकेने मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून घराचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यावरून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली कमीत कमी किंमत, ठरते. तुम्ही घरात असता, दार उघडत नाही, मग व्हॅल्युअर बाहेरूनच बघतो आणि लोनच्या फाइलमधला जुना नकाशा समोर ठेवून रिपोर्ट करतो. आपल्या उदाहरणात लोन घेताना खालचा 650 फुटांचा मजला होता, वरच्या दोन खोल्या, 350 फूट, नंतर परवानगी घेऊन बांधल्या. त्या फाइलमध्ये नाहीत, त्यामुळे रिपोर्टमध्येही नाहीत, आणि किंमत निघाली 19 लाख.

म्हणून व्हॅल्युअर आला तर त्याला आत येऊ द्या. वाढीव बांधकामाची परवानगी, घरपट्टीची पावती, फोटो, बाजूच्या घराची अलीकडची खरेदी, रेडीरेकनरचा दर, हे सगळं जोडून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र द्या आणि रिपोर्टची प्रत मागा. नाही दिली तरी मागितल्याचा शिक्का डीआरटीत कामाला येतो. समजा या पत्रानंतर फेरमूल्यांकन झालं आणि राखीव किंमत 23 लाख आली. हा चार लाखांचा फरक शेवटी कोणाच्या खिशात जातो ते पुढे बघा.

राखीव किमतीच्या खाली विकायचं असेल तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते. तुमच्यासमोर असा कागद आला तर वाचल्याशिवाय सही करू नका.

लिलावाची जाहिरात छापली की

विक्रीआधी तुम्हाला 30 दिवसांची नोटीस मिळायलाच हवी, आणि जाहिरातीपासून 30 दिवसांच्या आत पहिला लिलाव करता येत नाही. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही मुदत बंधनकारक धरलीय. पहिला लिलाव फसून दुसरा लावला तर मुदत 15 दिवसांची.

आता तो पहिला समज. 2016 च्या दुरुस्तीनंतर कलम 13(8) प्रमाणे सगळी रक्कम खर्चासकट भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंतच आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बाफना मोटर्सच्या केसमध्ये हेच ठाम केलं, तिथे कर्जदाराने लिलावानंतर पैसे भरले तरी मालमत्ता लिलाव घेणाऱ्यालाच मिळाली. आपल्या उदाहरणात जाहिरात 20 सप्टेंबरला आणि लिलाव 27 ऑक्टोबरला, तर खरी शेवटची तारीख 19 सप्टेंबर. त्यानंतर पैसे घेऊन गेलात आणि बँकेने घेतले तर ती तिची मर्जी, तुमचा हक्क नाही. म्हणून ताबा नोटीस आली की सोनं मोडायचं, भाऊबंदांकडून घ्यायचं, गिऱ्हाईक आणायचं, जे करायचं ते तेव्हाच. सरकारी बँकांचे लिलाव baanknet.com वर लागतात, तिथे आणि पेपरात आपल्या घराचं नाव आलंय का बघत राहा.

लिलावानंतरचे पैसे

समजा घर 24 लाख 10 हजारांना गेलं. घेणाऱ्याने 25 टक्के, म्हणजे 6 लाख 2 हजार 500, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे, आणि बाकीचे विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवता येते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. या तारखा पाळल्या गेल्या का ते तपासा, नसतील तर विक्रीला आव्हान देता येतं.

बँकेचं येणं व्याज आणि खर्च धरून तोवर 14 लाख 40 हजार झालं असं धरा. वरचे 9 लाख 70 हजार तुमचे. कलम 13(7) मध्ये स्पष्ट आहे की खर्च आणि कर्ज वळतं करून उरलेली रक्कम ज्याचा हक्क आहे त्याला द्यायची. राखीव किंमत 19 लाखच राहिली असती आणि घर साडेएकोणीसला गेलं असतं तर हातात 5 लाख 10 हजार आले असते. वरच्या दोन खोल्यांच्या पत्राने केवढा फरक पडला बघा.

यासाठी लगेच लेखी अर्ज द्या: विक्रीचा पूर्ण हिशोब, खर्चाची बिलं, उरलेली रक्कम जमा करायला आपलं खातं. वकील फी, जाहिरात, वसुली एजन्सी, सिक्युरिटी गार्ड असे आकडे लावलेले असतात, प्रत्येकाचं बिल मागा. त्याच घरावर पतसंस्थेचा दुसरा बोजा असेल तर आधी ती हक्क सांगेल, आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्यांनी अर्ज करा, नाहीतर तेवढ्यावरून पैसे अडकतात. बँकेने रक्कम त्याच शाखेतल्या दुसऱ्या थकीत कर्जात वळती केली तर कोणत्या कराराच्या आधारावर केली ते लेखी विचारा आणि 45 दिवसांच्या आत डीआरटीचा वकील गाठा.

उलट झालं, घर कमी भावात गेलं आणि कर्ज पूर्ण फिटलं नाही, तर बाकीसाठी बँक 13(10) खाली तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते. ज्याने तुमच्यासाठी जामीन म्हणून सही केलीय त्याला ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, त्याला स्वतःच्या पगाराला हात लागल्यावर कळायला नको.