सीईटीला 93, पहिल्या सेमला 6: नेमकं काय घसरलं?

राजारामपुरीत आमच्या शेजारच्या काकांनी मुलीची पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट माझ्यापुढं ठेवली. "सीईटीला 93 होते, आता 6.00. एवढं कसं घसरलं?" या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सीईटीतले 93 म्हणजे पर्सेंटाइल. तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी साधारण 93 जणांचे गुण तिच्याइतके किंवा कमी होते, एवढंच तो आकडा सांगतो. तिला किती गुण पडले, हे त्यातून कळत नाही. पेपर अवघड असला तर कमी गुणांवरही पर्सेंटाइल वर जातं.

मार्कशीटवरचे 6.00 म्हणजे एसजीपीए, त्या एका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी. त्यात इतर मुलं येतच नाहीत. त्यात फक्त तिचे विषय आणि त्यांचे क्रेडिट्स असतात. तिला चार-चार क्रेडिट्सचे पाच विषय होते. दोन विषयांत ग्रेड पॉइंट 8, दोनमध्ये 7 आणि गणितात एफ, म्हणजे 0. प्रत्येक पॉइंटला चारनं गुणून बेरीज केली की 120 होतात, आणि 20 क्रेडिट्सनी भागल्यावर 6.00. नापास विषयाचे पॉइंट शून्य असले तरी त्याचे क्रेडिट्स भागाकारात राहिले, आणि आकडा त्यामुळंच पडला. उरलेल्या चार विषयांची सरासरी 7.5 आहे. काकांना हे मी दोनदा मांडून दाखवलं, कारण मुलगी सगळ्याच विषयांत कच्ची आहे असं ते धरून बसले होते.

दुसऱ्या सेमला 24 क्रेडिट्स होते आणि एसजीपीए 8.25 आला, म्हणजे 198 पॉइंट. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, काढताना बरीच मुलं 6.00 आणि 8.25 ची सरासरी घेऊन 7.13 लिहितात. ते चूक आहे. दोन्ही सेमचे मिळून 318 पॉइंट, भागिले 44 क्रेडिट्स, म्हणजे 7.23. जास्त क्रेडिट्सच्या सेमचं वजन जास्त पडतं.

पुढं तिनं गणिताचा बॅकलॉग 6 पॉइंटनं काढला. 24 पॉइंटची भर पडून पहिल्या सेमचा एसजीपीए 7.20 झाला आणि सीजीपीए 342 भागिले 44, म्हणजे 7.77. दुसऱ्या सेमच्या 8.25 ला धक्काही लागला नाही. काही ठिकाणी विषय सुटेपर्यंत सीजीपीए छापतच नाहीत, त्यामुळं तिथं रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका. आधी आपल्या विद्यापीठाचा नियम वाचा.

नोकरीच्या फॉर्ममध्ये टक्केवारी मागितली तर सीजीपीएला सरसकट दहानं गुणू नका. विद्यापीठानं ठरवून दिलेलं सूत्र बहुधा मार्कशीटच्या मागं छापलेलं असतं, तेच वापरा. पर्सेंटाइलचा रकाना असेल तर तिथं सीजीपीएवरून काढलेला कुठलाच आकडा चालत नाही. वर्गातल्या बाकीच्यांचे गुण माहीत असल्याशिवाय पर्सेंटाइल निघतच नाही.