तोंडी काढून टाकलं? ते लेखी करताना या चुका टाळा

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावतात. पाच-सात मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल. पत्र वगैरे एचआर पाठवेल." तुम्ही बॅग उचलता, घरी येता आणि पत्राची वाट बघत बसता.

एचआरच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो आहे. गोंधळ होतो तो ही वाट बघण्याच्या काळातच. पत्र दोन आठवड्यांनी येतं, त्यावर तारीख वेगळी असते आणि कारण तर पूर्णच वेगळं. तोवर केबिनमध्ये काय बोलणं झालं याचा कागद कोणाकडेच नसतो. तो कागद तुम्हीच तयार करायचा असतो, एका साध्या मेलने. पण घाईत लिहिलेला मेल कधी कधी न लिहिलेल्यापेक्षा महागात पडतो.

समजा, मंगळवार, ११ मार्चला संध्याकाळी साडेपाचला तुम्हाला असं सांगण्यात आलं. सांगताना विभागप्रमुख आणि एचआरचे एक जण हजर होते. कारण दिलं ते म्हणजे "प्रोजेक्ट बंद होतोय". नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे.

पत्र येईपर्यंत गप्प बसणं

१२ तारखेपासून तुम्ही ऑफिसला जात नाही, कारण तसंच सांगितलं आहे. हजेरीच्या नोंदीत मात्र त्या दिवसापासून फक्त गैरहजेरी दिसते. पुढे कोणी "हे न कळवता यायचेच बंद झाले" असं लिहिलं, तर नोंदी त्याच्याच बाजूने बोलतात. म्हणून मेल त्याच रात्री पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत. लगेच लिहिलेल्या मेलला वजन असतं, कारण तेव्हा वाद सुरूच झालेला नसतो. महिन्याभराने आठवून लिहिलं की समोरचा सहज म्हणतो, हे नंतर रचलंय.

"चर्चेनुसार मी थांबतो आहे" असं लिहिणं

सगळ्यात महागडी चूक हीच. आपल्याला सभ्यपणे लिहायची सवय असते, त्यामुळे लोक लिहितात, "आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार मी उद्यापासून येणार नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार." आता हे त्रयस्थ माणसाच्या नजरेने वाचा. हा राजीनामा आहे. वाक्याचा कर्ता 'मी' आहे आणि क्रियाही माझीच. नोटिशीचा पगार, भरपाई, पुढची दाद, सगळं या एका वाक्यावर अडकू शकतं.

म्हणून निर्णय कोणाचा होता, हे वाक्यातूनच दिसू द्या. वरच्या प्रसंगात मी असा मेल लिहीन:

> विषय: ११ मार्च रोजी तोंडी कळवलेल्या निर्णयाबाबत
>
> आज, मंगळवार, ११ मार्च रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता आपल्या केबिनमध्ये, एचआर प्रतिनिधींच्या उपस्थितीत, माझी नोकरी संपवण्यात येत असल्याचं आपण मला तोंडी सांगितलं. उद्यापासून कामावर येऊ नये, अशीही सूचना दिली. कारण म्हणून "प्रोजेक्ट बंद होतोय" असं सांगण्यात आलं.
>
> मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर यायला तयार आहे. केवळ आपल्या सूचनेमुळे उद्या येत नाही.
>
> कृपया शेवटचा दिवस, कारण आणि नोटीस पिरियडबाबतचा निर्णय लेखी कळवावा. वरीलपैकी काही चुकीचं असल्यास तेही कळवावं.

बस, एवढंच. "असं सांगण्यात आलं" ही रचना मुद्दाम आहे. काय घडलं ते ती नोंदवते, पण झालं ते बरोबर होतं किंवा मला मान्य आहे असं म्हणत नाही. हा फरक काही ठिकाणी फार मोठा असतो. जर्मनीत नागरी संहितेच्या कलम ६२३ नुसार नोकरीवरून काढण्याची नोटीस सही केलेल्या कागदावरच द्यावी लागते. तोंडी चालत नाही आणि ई-मेलही चालत नाही. अशा ठिकाणी "माझी नोकरी ११ तारखेला संपली" असं आपणच लिहून मोकळं होणं म्हणजे हातातला मुद्दा सोडून देणं. आपल्याकडचा नियम काय आहे ते विचारून घ्याच, पण वरची वाक्यरचना दोन्हीकडे चालते.

कारण स्वतःच्या शब्दांत सांगणं

"माझ्याशी राजकारण झालं", "साहेबांना मी नकोच होतो". हे खरंही असेल, पण या मेलमध्ये नको. इथे त्यांनी उच्चारलेले शब्द हवेत, शक्यतो जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. कारण मागाहून आलेल्या पत्रात "कामगिरी असमाधानकारक" असं असेल, तर तुमच्या मेलमधला "प्रोजेक्ट बंद होतोय" त्याच्या शेजारी ठेवता येतो. एकाच निर्णयाची दोन कारणं निघाली की खुलासा त्यांना करावा लागतो. कारण सांगितलंच नसेल तर "विचारूनही कारण सांगितलं नाही" असं लिहा. तीही नोंदच आहे.

तारखांची सरमिसळ

सांगितलं तो दिवस, कामाचा शेवटचा दिवस आणि पत्रावरची तारीख हे तीन वेगळे दिवस असतात. पत्र २८ मार्चला आलं आणि त्यात "आपली सेवा ११ मार्चपासून समाप्त, नोटीस दिलेली आहे" असं असलं, तर नोटीस नेमकी कधी दिली? ११ ला फक्त "येऊ नका" म्हटलं होतं. ३० दिवस कुठून मोजायचे, की त्याऐवजी पगार द्यायचा, हा सगळा हिशेब फुल अँड फायनलमध्ये याच प्रश्नावर येऊन थांबतो. दाद मागायची मुदतही बहुतेक ठिकाणी ठरावीक तारखेपासून धावायला लागते, म्हणून पत्र हातात पडलं तो दिवसही लिहून ठेवा.

ऑफिसच्या मेलवरून पाठवून निर्धास्त होणं

रात्री पाठवलेला मेल सकाळी लॉगिन बंद झाल्यावर तुम्हालाच दिसत नाही. खासगी मेलवरून, विभागप्रमुख आणि एचआर दोघांना पाठवा. त्यासोबत कंपनीच्या फायली स्वतःला फॉरवर्ड करायचा मोह मात्र टाळा. त्यातून त्यांना एक नवीन, खरं कारण मिळतं.

उत्तर आलं नाही, किंवा भलतंच आलं

तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा आणि तोच मजकूर पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा. ते गप्प बसले म्हणजे तुमचं सगळं मान्य केलं, असं मात्र धरून चालू नका.

कधी कधी उत्तर येतं, "आम्ही काढलेलंच नाही, आपण कामावर का येत नाही?" इथे बरेच जण चिडून लांबलचक खुलासा लिहितात आणि जायचं टाळतात. त्याऐवजी त्याच दिवशी लिहा: "उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला हजर होतो, कृपया लॉगिन सुरू करावं." आणि खरोखर जा. गेटवर अडवलं, तर तिथूनच वेळ लिहून मेल करा.

पत्र हातात देऊन सही मागितली, तर आधी वाचा. 'राजीनामा' किंवा 'परस्पर संमतीने' असे शब्द असतील तर तिथल्या तिथे सही नको. विचार करायला वेळ मागा. फक्त पत्र मिळाल्याची सही असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, "केवळ प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही, २८ मार्च, दुपारी ३", आणि त्या पानाचा फोटो तिथेच काढून घ्या.