बोअरचं पाणी अन् गीझर: वर्षातून एकदा तळ उघडून बघा

लातूरला आमच्या गल्लीत सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. बादलीच्या आत कडेला पांढरी रेघ बसते ना, तोच क्षार गीझरमध्ये तापला की कॉईलवर थापला जातो. आमचा २५ लिटरचा गीझर दोन वर्षांनी तापताना खडखड करायला लागला आणि पाण्याला दुप्पट वेळ घ्यायला लागला, तेव्हा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तळाची प्लेट सोडली, तर दोन तांबे भरून पांढरी खपली पडली. "भाऊ, यात दांडा असतो तो कुठंय?" मी विचारलं. "होता की. आता नुसती तार राहिली," तो म्हणाला.

दांडा म्हणजे मॅग्नेशियमचा अॅनोड. टाकीच्या आतल्या लेपाला बारीक चिरा असतात. पाणी तिथून लोखंडाला खाण्याऐवजी आधी या दांड्याला खातं. दांडा संपला की पाळी टाकीची. क्षाराच्या पाण्यात तो लवकर झिजतो, म्हणून आमच्याकडे वर्षातून एकदा बघायला लागतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः उघडू नका, कंपनीचाच माणूस बोलवा.

स्वतः करणार असाल तर एमसीबी पाडा, वायरीला टेस्टर लावून खात्री करा आणि पाणी पूर्ण निवू द्या. वायरींना हात लागेल म्हणून धाकधूक वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगा, पण शेजारी उभं राहून दांडा दाखवून घ्या. थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे आत हवा जाईल, मग टाकी रिकामी करा. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. खाली बादली धरून तळाच्या प्लेटचे नट सोडा. कॉईल आणि दांडा बहुतेक गीझरमध्ये या प्लेटलाच असतात.

आता दांडा आधी काढून बाजूला ठेवा. आम्लात मॅग्नेशियम विरघळतं. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, टाकून कॉईल तासभर बुडवा. फेस येईल. वायर जोडायची टोकं पाण्याबाहेर कोरडी राहू द्या. फेस थांबला आणि थर उरला तर पाणी बदलून परत एकदा. संडास धुवायचं अॅसिड कधीच वापरू नका, ते कॉईल आणि लेप दोन्ही खातं. टाकीतली खपली हातानं काढून पाण्यानं धुवा; स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर लेप जातो.

दांडा निम्म्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. जुना दांडा दुकानात घेऊन जा, लांबी आणि आटे जुळले पाहिजेत. रबराचं गॅस्केटही नवंच टाका. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकाच बाजूनं आवळलं की प्लेट तिरकी बसते आणि गळते. मग गरम नळातून फसफस न होता सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या, त्यानंतरच बटण दाबा. कोरडी कॉईल लगेच जळते.

थंड पाण्याच्या पाइपावर असतो तो सेफ्टी वॉल्व्ह. तापताना तो ठिबकतो, आणि तेच बरोबर आहे: २५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर गेलं की जवळपास अर्धा लिटर जास्त जागा मागतं. आमच्या शेजाऱ्यांनी ठिबक नको म्हणून तोंडाला बूच ठोकलं होतं. मी ते काढायला लावलं, कारण दाबाला वाट न मिळाली तर टाकी फुटू शकते. महिन्यातून एकदा वॉल्व्हची दांडी उचलून बघा, पाणी सुटायला हवं (हात दूर, गरमही असू शकतं). क्षारानं अडकला असेल, किंवा गीझर बंद असतानाही दांडी दोन-चारदा उचलून गळती थांबत नसेल, तर गीझरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच नवा घ्या.

टाकी जात आली हे कसं कळतं? सकाळी गरम नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. तांबूस आलं आणि थंड नळाचं स्वच्छ असेल, तर गंज आतला आहे. खाली ओल दिसली तर सगळे जोड पुसून कोरडे करा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे लावा. जोडाचे तुकडे कोरडे राहिले आणि कव्हरच्या फटीतून थेंब आला, म्हणजे टाकीला भोक पडलंय. नवा दांडा ते बुजवत नाही, वेल्डिंग केलं तर उरलेला लेप जळतो. अशा वेळी एमसीबी पाडून गीझर बदला, आणि जुन्याचा वॉल्व्ह काढून नव्याला लावू नका.