ताप आणि अंगदुखीत चिकनगुनिया-लेप्टोची तपासणी कोणत्या दिवशी करावी

पावसाळ्यात जळगाव-धुळ्याकडे तापाचा पेशंट लॅबमध्ये येतो आणि सगळ्या टेस्ट एकदमच करून घेतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे निश्चिंत होतात. पण टेस्ट चुकीच्या दिवशी केली असेल, तर त्या निगेटिव्हला अर्थ नसतो.

म्हणून आधी दिवस मोजा. ताप ज्या दिवशी चढला तो पहिला दिवस. दवाखान्यात गेलात तो नव्हे.

समजा, रावेरकडे केळीच्या बागेत चिखलात अनवाणी निंदणी करणाऱ्या बाईंना सोमवारी ताप आला. बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, त्यांनी चिकनगुनिया आणि लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, या दोन्ही आजारांची आयजीएम टेस्ट केली आणि दोन्ही निगेटिव्ह आल्या. यात लॅबची चूक नाही. आयजीएम म्हणजे शरीराने आजाराविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी, आणि ती रक्तात सापडण्याइतकी व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. बुधवारी पीसीआर करायला हवी होती, कारण ती जंतूच शोधते आणि पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात. लेप्टोसाठी हे रक्त शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं. पीसीआर महाग पडते, सगळीकडे होतही नाही. तेव्हा आयजीएम पुढच्या मंगळवारी, नवव्या दिवशी, पुन्हा करावी. डेंग्यूची एनएस१ मात्र सुरुवातीलाच करून घ्या.

कोणत्या आजाराचा संशय धरायचा, हे दुखणंच बऱ्याचदा सांगतं. मनगट, बोटं, घोटे धरले आणि मूठ वळेना, तर चिकनगुनियाकडे बघा. पोटऱ्या दाबल्यावर कळ येते, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, आणि चिखल, साचलेलं पाणी किंवा गुरांच्या गोठ्यात काम झालंय, तर लेप्टो. या बाईंच्या पोटऱ्या दुखत होत्या. अशा वेळी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण लेप्टो किडनी आणि लिव्हरवर जातो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर टेस्टचा विचार सोडून थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

पॉझिटिव्ह रिपोर्टही जपून वाचावा लागतो. चिकनगुनियाची आयजीएम काही महिने रक्तात राहू शकते, त्यामुळे आजचा ताप वेगळाच असून रिपोर्ट जुन्या आजाराचा असू शकतो. लेप्टोची शंका उरली, तर दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन मॅट टेस्ट करतात. अँटिबॉडीची पातळी चौपट किंवा जास्त वाढली की निदान पक्कं. लवकर अँटिबायोटिक घेतलं असेल, तर ही वाढ उशिरा दिसू शकते.

डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत दुखण्यावर पॅरासिटामॉलच घ्या, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. रक्त देताना ताप सुरू झाल्याची तारीख लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा.