आई-वडिलांकडून उसने घेऊन धंदा: आधी बुडीत मोजा

धंदा कोणता, हे ठरवण्याआधी एक हिशेब करा: उद्या बंद केला तर हातात परत किती येईल? विकत घेऊन ठेवलेला माल पडून राहिला की निम्म्या भावातही जात नाही. दुकानाचं भाडं तर गेलंच. चालू स्थितीतलं जुनं मशीन मात्र बऱ्यापैकी किमतीला विकता येतं. म्हणून मी कपडे अल्टर करून देण्याचं काम सुचवेन: पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं. कापड गिऱ्हाईकाचं, जागा घरातली. शिवण येत नसेल तर आधी घरच्याच जुन्या कपड्यांवर हात बसवा, तोवर पैसे घेऊ नका.

घेतलेल्या रकमेचे शंभर भाग समजा. ४५ भागांत जुनं मशीन, १० भागांत कात्री, सुया, दोरे आणि थोड्या चेन. उरलेले ४५ भाग आई-वडिलांकडेच राहू द्या. मशीन पुढे ३५ ला विकलं गेलं असं धरलं, तर सगळं फसलं तरी बुडतात २० भाग. हा आकडा त्यांना आधीच सांगा. भीती जाते असं नाही, पण तिला माप येतं.

जुनं मशीन घेताना सोबत पातळ कापड आणि जीन्सचा तुकडा न्या. दोन्ही दुमडून शिवून बघा आणि कापड उलटं करून टाके तपासा. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास दिसले तर घाबरू नका, बहुतेकदा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण कमी असतो. पुन्हा ओवून, ताण वाढवूनही फास राहिले किंवा टाके सुटत राहिले, तर ते मशीन सोडा.

आता एका कामामागे १ भाग मिळतो आणि त्यात ०.२ चं सामान जातं असं धरू. हातात ०.८ राहतात, म्हणजे २५ कामांत ते २० भाग भरून निघतात. यात तुमची मजुरी धरलेली नाही, हे विसरू नका. प्रत्येक कामाला लागलेला वेळ वहीत लिहा. एका पँटला दोन तास जात असतील तर दर वाढवा, नाहीतर हात वेगात येईपर्यंत फक्त सोपी कामं घ्या.

खरा तोटा होतो तो चुकीच्या कापण्याने. पँटचं माप गिऱ्हाईकाला बूट घालून उभं करूनच घ्या. सुती कापड आटू शकतं, म्हणून ते आधी धुतलंय का विचारा. कच्चा टाका घालून पँट घालायला द्या, पसंत पडली की मगच कापा.

उधारी नको. नातेवाइकांचं फुकट कामही वहीत लिहा, कारण दोरा तुमचाच जातो. दोन महिन्यांत २५ कामं झाली नाहीत आणि जुनी गिऱ्हाइकं परत येत नसतील, तर आई-वडिलांकडच्या ४५ भागांना हात न लावता मशीन विकायला काढा.