अकरावीची वार्षिक आणि क्लासच्या टेस्ट : सरांना काय अन् कसं सांगायचं

आमची मुलगी सांगलीत विश्रामबागला सीईटीच्या क्लासला जाते, दर रविवारी सकाळी २०० मार्कांची टेस्ट असते. अकरावीची वार्षिक मार्चमध्ये लागली की निम्मे पालक सरळ मुलांना घरी ठेवतात, कॉलेजची परीक्षा आहे म्हणजे क्लासवाल्यांना माहीतच असणार ना, असं धरून. पण तिथे एकाच बॅचमध्ये चार-पाच कॉलेजची पोरं असतात हो, प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं, सरांनी कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं? त्यामुळे कॉलेजच्या बोर्डावर टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी फोटो काढून आणायला सांगा.

मग क्लासच्या तारखा शेजारी मांडा. आमच्याकडे पेपर ९ ते १८ मार्च, त्याच्या आड येणारे रविवार दोन, ८ आणि १५. पंधराच्या दुसऱ्या दिवशी गणित, म्हणून ती टेस्ट सोडायचीच. आठच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजी, तीही सोडायचं आम्ही ठरवलेलं, पण सर म्हणाले, "अहो ताई, सकाळी तीन तासांचा तर पेपर, अकराला घरी. तेवढी देऊ द्या." पटलं, दिली तिने.

मेसेज सरांच्या पर्सनल नंबरवर टाका, ग्रुपवर नको, तिथे दहा जणांचे "माझापण" सुरू होतात आणि तुमचा वर निघून जातो. मी टाकलेला असा होता, सोबत टाइमटेबलचा फोटो:

"सर नमस्कार. १६ तारखेला गणिताचा पेपर असल्याने मुलगी १५ मार्चची टेस्ट देऊ शकणार नाही. २२ पासून नेहमीप्रमाणे येईल. १५ चा पेपर १९ तारखेला क्लासमध्ये बसून दिला तर चालेल का? आणि ही टेस्ट अ‍ॅव्हरेजमध्ये कशी धरणार?"

शेवटचा प्रश्न बिलकुल गाळू नका, खरी गोम तिथेच आहे. बऱ्याच क्लासमध्ये टेस्टच्या अ‍ॅव्हरेजवर बॅच बदलतात. चार टेस्टमध्ये ११० चं अ‍ॅव्हरेज असेल आणि पाचवीला गैरहजर म्हणून शून्य पडलं तर ते एकदम ८८ वर येतं, आणि वरच्या बॅचची अट १०० ची असेल तर पोरगी अभ्यास करूनही खाली. सरांनी "धरत नाही" म्हटलं तरी ऑफिसमधल्या मॅडमना तो मेसेज दाखवून ठेवा, कारण शीटमध्ये मार्क त्या भरतात, सर नाही. आमच्याकडे तसंच झालं, रविवारी दुपारी गैरहजरचा मेसेज आलाच, मॅडमना सरांचा रिप्लाय दाखवला तेव्हा शून्य काढून रकाना मोकळा ठेवला.

आणि राहिलेला पेपर घरी आणून सोडवू नका, क्लासमध्येच घड्याळ लावून, ओएमआर शीटवर. घरी मधे चहा होतो, फोन होतो, तीन तासांचे चार होतात आणि मार्क बघून आपण उगाच खूश. सर नको म्हणाले तर निदान पेपर आणि उत्तरं तरी मागून घ्या, २२ च्या टेस्टला त्याच चॅप्टरवरचे प्रश्न परत येतात.