इम्प्रेशन शेअर वाचताना या चुका टाळा: बजेट कमी पडतंय की रँक?

गूगल ॲड्सवर सर्च कॅम्पेन चालवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचा ठरलेला प्रश्न असतो, ‘आपली जाहिरात सगळ्यांना दिसत का नाही?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तरही तोच देतो, ‘बजेट वाढवू या.’ पुण्यात आरओ फिल्टर दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका गृहस्थांचं खातं माझ्याकडे आलं तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. रोजचं बजेट ९०० रुपये, इम्प्रेशन शेअर ३५ टक्के. त्यांचा हिशोब सरळ होता. एक तृतीयांश लोकांना दिसायला ९०० लागतात, तर सगळ्यांना दिसायला २,७०० लागतील. सुरुवातीला २,००० तरी करू.

या हिशोबात चूक कुठे आहे हे कळायला दोन कॉलम लागतात आणि ते मुळात चालू नसतात. कॅम्पेनच्या पानावर कॉलम बदलायला जा, स्पर्धेच्या गटात `Search impr. share`, `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)` या तिघांवर खूण करा. पहिला सांगतो की ज्या लिलावांत तुमची जाहिरात दिसू शकली असती त्यातल्या किती टक्क्यांत ती दिसली. उरलेले दोन सांगतात की बाकीचे का हुकले. तिन्हींची बेरीज शंभरच्या आसपास यायला हवी. आमच्या खात्यात चौदा दिवसांचे आकडे होते ३५, २० आणि ४५. म्हणजे पैसे संपत आले म्हणून वीस टक्के आणि लिलावात मागे पडलो म्हणून पंचेचाळीस.

चूक पहिली: टक्के पाहून थांबणं

टक्क्यांवरून काहीच ठरवता येत नाही, त्यांचे नग करावे लागतात. त्या चौदा दिवसांत इम्प्रेशन होते ४,२००. ते ३५ टक्के, तर पूर्ण मैदान १२,०००चं. त्यातले २,४०० बजेटमुळे गेले आणि ५,४०० रँकमुळे. शंभर इम्प्रेशनमागे सहा क्लिक येत होते आणि एक क्लिक सरासरी ५० रुपयांना पडत होता. बजेटमुळे गेलेले २,४०० सगळेच्या सगळे परत मिळाले असं धरलं तरी त्यांतून १४४ क्लिक येतात. त्यांची किंमत ७,२०० रुपये, म्हणजे रोजचे ५१४. थोडक्यात, ९००चे साधारण १,४०० केले की बजेटचा तोटा भरून निघतो. त्याच्या वरचे सहाशे रुपये आहे त्याच बिडवर, म्हणजे एका क्लिकसाठी लावलेल्या बोलीवर, खर्च व्हायला जागाच नव्हती, कारण उरलेले ५,४०० इम्प्रेशन पैशांअभावी गेलेच नव्हते.

हा अंदाज कमाल मर्यादेचा आहे. हुकलेल्या लिलावांत क्लिकचं प्रमाण तेवढंच राहील याची हमी कोणी देत नाही. पण ‘दुप्पट पैसे, दुप्पट दिसणं’ या समजुतीला लगाम घालायला तो पुरतो. एक बारीक गोष्ट: शेअर फार कमी असेल तर पडद्यावर आकडा न येता `< 10%` एवढंच येतं. त्यावरून असा भागाकार करू नका, उत्तर काहीच्या बाही येईल.

चूक दुसरी: रँकचा तोटा दिसला की बिड वाढवणं

हे त्या गृहस्थांनी आधीच करून पाहिलं होतं, आणि खात्याच्या जुन्या नोंदींत ते लख्ख दिसत होतं. बिड वाढवण्याआधीच्या पंधरवड्यात शेअर होता ४० टक्के, रँकचा तोटा ५५ आणि बजेटचा फक्त ५. क्लिक पडत होता ४४ रुपयांना. बिड वाढवल्यावर रँकचा तोटा पंचावन्नचा पंचेचाळीस झाला, आणि ते याच आनंदात होते. पण क्लिक पन्नासवर गेला, तेवढ्याच पैशांत क्लिक २८६चे २५२ झाले, आणि बजेटचा तोटा पाचाचा वीस झाला. शेअर वाढायच्या ऐवजी ३५वर घसरला. तोटा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, आणि जाताना पाच टक्के सांडलेसुद्धा.

म्हणून दोन्ही तोटे एकत्र दिसत असतील तर बिडला हात लावण्याआधी बजेटचा कॉलम वाचा. तिथे आकडा मोठा असेल तर बिड वाढवणं म्हणजे गळक्या टाकीचा नळ मोठा करणं. उलट बिड थोडी कमी केली तर त्याच पैशांत जास्त क्लिक मिळण्याची शक्यता असते, मग जाहिरात एखाद्या जागेने खाली दिसली तरी चालेल. हे अनेकांच्या गळी उतरत नाही. मला तरी पहिल्या वेळी उतरलं नव्हतं.

आता यातला सर्वांत फसवा भाग. वरचा सगळा युक्तिवाद बिड हाताने लावलेली असेल तेव्हाचा. ‘मॅक्सिमाइज क्लिक्स’ किंवा ‘मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्स’ चालू असेल तर बिड यंत्रणा ठरवते, आणि ती दिलेल्या बजेटात बसेल अशीच ठरवते. बजेट तोकडं असेल तर ती बिड खाली ठेवते, तुम्ही लिलाव हरता, आणि तो तोटा रँकच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. दुखणं पैशांचं आणि नोंद रँकची! अशा कॅम्पेनमध्ये बजेटचा कॉलम जवळजवळ शून्य दिसला म्हणून पैसे पुरेसे आहेत असा निष्कर्ष काढू नका. पडताळायचं असेल तर बजेट वीस टक्क्यांनी वाढवून दोन आठवडे बघा. रँकचा तोटा उतरला आणि क्लिकची किंमत चढली, तर मूळ बजेटातच होतं. ‘टार्गेट सीपीए’ लावलेलं असेल तर बजेटआधी तो आकडा तपासा. कन्व्हर्जनला ५०० रुपये खरोखर लागत असताना ३०० लिहून ठेवले, तर यंत्रणा बिड दाबून ठेवते आणि दोष रँकच्या नावावर येतो.

चूक तिसरी: चुकीच्या पायरीवर उभं राहून बघणं

बजेट कॅम्पेनला असतं, त्यामुळे बजेटमुळे झालेला तोटाही फक्त कॅम्पेनच्या पातळीवर दिसतो. ॲड ग्रुप किंवा कीवर्डच्या पानावर रँकचा तोटाच तेवढा मिळतो. तिथे एकटा तोच कॉलम पाहून ‘म्हणजे सगळा दोष रँकचा’ असं म्हणणारे मी पाहिलेत. क्रम असा ठेवा: कॅम्पेनवर दोन्ही तोट्यांची वाटणी बघायची आणि मग रँकचा तोटा नेमका कोणत्या कीवर्डवर आहे हे शोधायला खाली उतरायचं.

कॅम्पेन अनेक असतील तर त्यांच्या शेअरची नुसती सरासरी काढू नका. वर केला तसा भागाकार करून प्रत्येकाचं मैदान काढा, सगळी मैदानं आणि सगळे इम्प्रेशन वेगवेगळे बेरजेला घ्या, मग भाग द्या. दोनशे इम्प्रेशनचं कॅम्पेन आणि वीस हजारांचं कॅम्पेन एका तागडीत मावत नाही. महिन्याचा एकच आकडाही असाच फसवतो. महिन्याच्या मध्यात बिड किंवा बजेट बदललं असेल तर तो आकडा दोन वेगळ्या कॅम्पेनची खिचडी असतो, म्हणून बदलाच्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा काढा.

चूक चौथी: रात्री स्वतः शोधून बघणं

‘रात्री नऊला मी सर्च केलं, आपली जाहिरात दिसली, म्हणजे बजेट संपलेलं नाही.’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ग्राहकाकडून ऐकलंय. पूर्वी पैसे भराभर खर्च करणारी एक पद्धत होती, तीत दुपारीच जाहिरात बंद पडायची. सर्चसाठी ती पद्धत २०१९ साली काढली. आता बजेट कमी असेल तर गूगल दिवसभर मधूनमधून जाहिरात मागे ठेवतं. सकाळी दहालाही काही लोकांना ती दिसत नाही आणि रात्री नऊलाही काहींना दिसते. त्यामुळे तासांचा आलेख सपाट दिसला तरी बजेटचा तोटा असू शकतो. शिवाय रोजचं बजेट हे सरासरीचं असतं. एखाद्या दिवशी खर्च त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो आणि महिन्याला ३०.४ पटीच्या आत ठेवला जातो. तेव्हा एका दिवसाच्या खर्चावरूनही काही ठरत नाही.

चूक पाचवी: मैदान किती मोठं आहे हे न पाहणं

त्या आरओच्या कॅम्पेनमध्ये खरा घोळ इथे होता. कीवर्डच्या पानावर उतरलो तर रँकच्या तोट्याचा मोठा वाटा एकाच ब्रॉड मॅच कीवर्डचा निघाला, `water purifier`. सर्च टर्म्स उघडल्या तर नवीन फिल्टरच्या किमती विचारणारे, कंपन्यांची तुलना करणारे लोक. दुरुस्तीची जाहिरात त्यांच्या कामाची नव्हती. त्यामुळे क्लिकची अपेक्षा कमी, जाहिरातीचा मेळ कमी आणि लिलावात पराभव. तो पराभव योग्यच होता. ज्याला नवीन यंत्र घ्यायचंय त्याच्यापुढे दुरुस्तीवाला दिसला नाही, यात काय गमावलं?

तो कीवर्ड काढून दुरुस्तीचे फ्रेज मॅच घातले, ‘प्राइस’, ‘न्यू’, ‘बेस्ट’ असे शब्द निगेटिव्हमध्ये टाकले. बजेट आणि बिड तशाच ठेवल्या. पुढच्या चौदा दिवसांत शेअर झाला ५० टक्के, बजेटचा तोटा २२, रँकचा २८. फोन आला, ‘अहो, इम्प्रेशन तर कमी झालेत!’ खरं होतं, ४,२००चे ४,००० झाले होते. पण मैदान १२,०००वरून ८,०००वर आलं होतं. क्लिक २५२चे २८० झाले, पन्नासऐवजी पंचेचाळीस रुपयांना, खर्च तोच १२,६००.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मैदानाचा अंदाज गूगल तुमची बिड आणि जाहिरातीचा दर्जा धरूनच करतं. त्यामुळे इम्प्रेशन न वाढताही शेअर वाढू शकतो, मैदान आक्रसलं की झालं. शेअर वाढल्याचा अहवाल कोणी दाखवला तर आधी इम्प्रेशनला शेअरने भागून दोन्ही काळांची मैदानं शेजारी मांडायला सांगा.

आता बजेटचा तोटा खरोखर पैशांचा राहिला होता: ८,०००चे २२ टक्के म्हणजे १,७६०. त्यांतून साधारण १२३ क्लिक, ५,५०० रुपये, रोजचे चारशेच्या आत. बजेट ९००चं १,३०० केलं. उरलेल्या २८ टक्क्यांसाठी कीवर्डच्या पानावर क्वालिटी स्कोअरचे तीन घटक उघडले. तो स्कोअर स्वतः लिलावात वापरला जात नाही, पण दुखतंय कुठे ते दाखवतो. दोन मोठ्या कीवर्डांवर जाहिरातीचा मेळ ठीक होता, `Landing page exp.` मात्र `Below average`. पान मोबाइलवर उघडून पाहिलं. वर तीन जड फोटो हळूहळू उतरत होते, दुरुस्तीचे दर कुठेच नव्हते आणि फोन नंबर पार तळाशी. बिड न वाढवता आम्ही आधी ते पान दुरुस्त करायला घेतलं.